हप्ता बारा रुपयांनी वाढला म्हणून कोण थांबतं?

प्रश्न: सर, मी कोल्हापुरात एका पतसंस्थेत शाखाधिकारी आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं रेपो दर ६.५० टक्क्यांवरच ठेवला, पण वैयक्तिक कर्जांवरचं रिस्क वेट वाढवलं. कर्जं फार वाटली जात होती तर सरळ व्याजदर का नाही वाढवला? आणि या रिस्क वेटनं खरंच काही होतं का? आमच्याकडे तर त्यानंतर सोनेतारणाला रांग लागली, आणि गावाबाहेरच्या प्लॉटचे भाव काही खाली आले नाहीत.

उत्तर:

आधी हिशेब करू, कारण या विषयात मतं भरपूर आहेत आणि कॅल्क्युलेटर कुणी उघडत नाही.

समजा एका नोकरदारानं १ लाखाचं वैयक्तिक कर्ज १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलं. हप्ता येतो साधारण ३,४१८ रुपये. आता रेपो पाव टक्क्यानं वाढला आणि बँकेनं तो पूर्णच्या पूर्ण ग्राहकावर टाकला, म्हणजे दर १४.२५ झाला असं धरा. नवा हप्ता ३,४३०. महिन्याला बारा रुपये. मोबाइल घ्यायला किंवा घरातल्या लग्नाला पैसे पाहिजेत असा माणूस बारा रुपयांसाठी मागं फिरत नाही. पूर्ण एक टक्का वाढवला तरी पन्नासेक रुपयांचा फरक. शिवाय ज्यानं आधीच असं कर्ज घेतलंय त्याचा दर बहुधा ठरलेला असतो, त्याला काहीच लागत नाही.

त्याच पाव टक्क्याचं दुसरं टोक बघा. कळंब्याला फ्लॅट घेतलेल्या शिक्षकाचं ३० लाखांचं गृहकर्ज आहे, २० वर्षांचं, ९ टक्क्यांनी. हप्ता २६,९९२ रुपये. दर ९.२५ झाला की २७,४७६. महिन्याला ४८४ रुपये जास्त, तेही जुन्या कर्जावर. कारण ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी तरत्या दराची गृहकर्जं बाहेरच्या मानदंडाला, बहुतेक ठिकाणी रेपोलाच, बांधलेली आहेत. सूक्ष्म आणि लघुउद्योगांच्या तरत्या दराच्या कर्जांचंही तसंच. म्हणजे शिरोलीतल्या फाउंड्रीवाल्याचं कॅश क्रेडिट आणि इचलकरंजीतल्या यंत्रमागवाल्याचं खेळतं भांडवल दोन्ही महागणार.

यामागचं कारण साधं आहे. कर्जाची मुदत जितकी लांब तितका हप्त्यात व्याजाचा वाटा मोठा, आणि तितका दराचा मार जोरात. तीन वर्षांच्या कर्जात हप्त्याचा बहुतेक भाग मुद्दलच असतो. २०२३ मध्ये काळजी होती ती नेमकी छोट्या, अल्पमुदतीच्या, विनातारण कर्जांची, म्हणजे दराला सगळ्यात कमी दाद देणाऱ्या कर्जांची. रेपो वाढवला असता तर मार बसला असता शिक्षकाला आणि फाउंड्रीला, आणि ज्याला रोखायचं तो तसाच सुटला असता. त्यात महागाई उतरत होती. ऑक्टोबर २०२३ ची किरकोळ महागाई ४.८७ टक्के होती. महागाईसाठी दर वाढवायचं कारण उरलं नव्हतं, आणि एका कोपऱ्यातल्या कर्जासाठी सगळ्या देशाचा पैसा महाग करणं परवडणारं नव्हतं.

या चुकीची किंमत स्वीडननं मोजलेली आहे. तिथल्या मध्यवर्ती बँकेनं २०१० च्या जुलैपासून वर्षभरात आपला दर ०.२५ वरून २ टक्क्यांवर नेला. त्यामागं घरांचे वाढते भाव आणि कुटुंबांवरचं कर्ज ही मोठी काळजी होती. कर्ज फारसं हटलं नाही. महागाई मात्र शून्याकडे घसरली, बेरोजगारी रेंगाळली. लार्स स्वेन्सन हे तिथले डेप्युटी गव्हर्नर सतत विरोधात मत देत होते; २०१३ मध्ये ते बाहेर पडले. २०१४ च्या ऑक्टोबरात दर शून्यावर आणावा लागला आणि पुढच्या फेब्रुवारीत शून्याच्याही खाली. स्वेन्सन यांचा एक मुद्दा मला अजूनही फार मोलाचा वाटतो: महागाई लोकांच्या अपेक्षेपेक्षा कमी राहिली की जुन्या कर्जाचं खरं ओझं वाढतं, कारण पगार अपेक्षेइतके वाढत नाहीत आणि हप्ता तेवढाच राहतो. कर्ज कमी करायला दर वाढवायचा आणि त्यानं कर्जच जड व्हायचं.

आता रिस्क वेटकडे येऊ. हा शब्द ऐकला की लोक गडबडतात, पण गोष्ट तुमच्या राखीव निधीसारखीच आहे. बँकेनं दिलेल्या प्रत्येक कर्जामागं भागधारकांचा थोडा पैसा अडकवून ठेवायचा असतो, बुडालं तर आधी तो जावा म्हणून. आपल्याकडे किमान ९ टक्के आणि वर अडीच टक्के राखीव, म्हणजे साडेअकरा टक्के. कर्जाचा जोखीम भार, म्हणजेच हे रिस्क वेट, १०० टक्के असेल तर १ लाखामागं ११,५०० रुपये. १६ नोव्हेंबर २०२३ ला वैयक्तिक ग्राहककर्जांचा भार १०० वरून १२५ केला. गृहकर्ज, शैक्षणिक, वाहन आणि सोनेतारण यांना वगळलं. बँकांच्या क्रेडिट कार्डाचा भार १२५ वरून १५० झाला. म्हणजे वैयक्तिक कर्जाच्या त्याच १ लाखामागं आता १४,३७५ रुपये लागतात, २,८७५ जास्त.

या जादा पैशानं कर्ज किती महागतं? भागधारकाला १५ टक्के परतावा हवा आणि ठेवीवर बँक ७ टक्के देते असं धरा. ठेवीऐवजी भांडवल वापरल्याचा फरक ८ टक्के. २,८७५ वर वर्षाला २३० रुपये. म्हणजे कर्जाचा दर पाव टक्क्याच्या आसपास वाढला की बँकेची भरपाई झाली. नफ्यावरचा कर धरला तर थोडा जास्त. आलो ना पुन्हा त्याच बारा रुपयांवर! बऱ्याच लेखांत "रिस्क वेट वाढवल्यानं कर्ज महाग होऊन मागणी घटते" असं लिहिलेलं असतं. घटत नाही. ज्या कर्जदाराला रेपोचे बारा रुपये जाणवत नाहीत त्याला याचेही जाणवत नाहीत.

काम होतं ते काउंटरच्या आतल्या बाजूला. बँकेनं या धंद्यासाठी साडेअकरा कोटींचं भांडवल बाजूला काढलं असेल तर कालपर्यंत त्यावर १०० कोटींची वैयक्तिक कर्जं देता येत होती. आज ८० कोटींचीच. दर कितीही लावा, वीस कोटींची जागा गेली. ती हवी असेल तर संचालक मंडळापुढं जाऊन जादा भांडवल मागायचं, आणि तिथं पहिला प्रश्न येतो की हाच पैसा गृहकर्जाला लावला तर ३५ टक्के भारात किती मोठं पुस्तक उभं राहील. रेपो कर्जदाराला विचारतो, तुला परवडतं का. जोखीम भार बँकेला विचारतो, तुला हेच करायचंय का. २०२३ मध्ये प्रश्न बँकेलाच विचारायला हवा होता. त्या काळात पूर्वमंजूर कर्जाचे संदेश ग्राहकानं न मागताच येत होते. आमच्याच मुख्य कार्यालयातून शाखेला दर आठवड्याला अशा ग्राहकांची यादी यायची, आणि त्यातल्या किती जणांना गळ घातली याचा तक्ता संध्याकाळी भरावा लागे. मागणी तयारच केली जात होती.

याहून मोठा घाव दुसऱ्या कलमात होता. बँका बिगर-बँक वित्त कंपन्यांना जे कर्ज देतात त्यावरचा भार २५ अंकांनी वाढवला, जिथं तो १०० पेक्षा कमी होता तिथं. गृहवित्त कंपन्या आणि प्राधान्य क्षेत्रात मोडणारी कर्जं त्यातून वगळली. सर्वोच्च पतमानांकनाच्या कंपनीला आधी फक्त २० टक्के भार होता. शंभर रुपयांच्या कर्जामागं २ रुपये ३० पैसे. तो ४५ झाला, म्हणजे जवळपास ५ रुपये १८ पैसे. दुपटीहून जास्त. मोबाइलच्या ॲपवरून दहा-वीस हजारांची कर्जं वाटणाऱ्यांचा पैसा बराचसा याच वाटेनं येत होता, म्हणून चावी मुख्य पाइपलाच फिरवली. मोठ्या कंपन्यांना रोखे बाजार मोकळा होता. छोट्यांना बँकेशिवाय वाट नव्हती. फेब्रुवारी २०२५ मध्ये हा २५ अंकांचा भार मागं घेतला, १ एप्रिलपासून. बँकांच्या वैयक्तिक कर्जांवरचा १२५ टक्क्यांचा भार मात्र त्या वेळी तसाच ठेवला.

उपयोग झाला का? विनातारण कर्जांची आणि बिगर-बँक कंपन्यांना दिलेल्या कर्जांची वाढ पुढच्या वर्षभरात स्पष्टपणे मंदावली. पण सगळं श्रेय मी रिस्क वेटला देणार नाही. एक म्हणजे आपल्या बँकांकडे तेव्हा भांडवल मुबलक होतं, १६ टक्क्यांच्या वर, आणि भांडवल उतू जात असलेल्या बँकेला जादा भार कागदावरच लागतो. हे साधन चावतं ते ज्याचं भांडवल आधीच कर्जांत पूर्ण गुंतलेलं आहे त्याला. दुसरं म्हणजे थकबाकी वाढू लागली तसा बँकांनी स्वतःच हात आखडता घेतला.

थकबाकीवरून आठवलं, तेजी चालू असताना एनपीएचा आकडा बघून निर्धास्त होऊ नका. १०० कोटींच्या कर्जातलं ४ कोटी दीड वर्षानं बुडणार आहे असं समजा. तोवर पुस्तक २०० कोटींचं झालं तर आकडा दिसतो २ टक्के. वाढ थांबली की त्याच वाटपाचं खरं रूप दिसतं. म्हणून जानेवारीत दिलेली कर्जं, फेब्रुवारीत दिलेली कर्जं अशी वेगवेगळी पिकं मांडून प्रत्येकाची बारा महिन्यांनंतरची थकबाकी तपासायची. प्रत्येक नवं पीक आधीच्यापेक्षा लवकर सडत असेल तर एकूण टक्केवारी कितीही गोजिरी असो, कर्ज चुकीच्या हातात जातंय.

आता तुमची सोनेतारणाची रांग. सोनेतारण या भारातून वगळलेलं होतं हे वर आलंच. विनातारण कर्ज नाकारलेला माणूस घरी जाऊन बायकोच्या पाटल्या घेऊन आला, यात नवल काही नाही. एक बीळ बुजवलं की दुसरं उघडतं, हा नेमून लावलेल्या साधनांचा कायमचा दोष. दराच्या बाजूनं बोलणारे लोक इथंच बोट ठेवतात, आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही: व्याजदर प्रत्येक भेगेत शिरतो, नियम फक्त जिथं लिहिलाय तिथंच लागतो. तुमची पतसंस्था हेच याचं उदाहरण. तुमच्यावर देखरेख सहकार खात्याची, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली. रिझर्व्ह बँकेचं ते परिपत्रक तुम्हाला लागूच नाही.

पण सोन्याच्या बाबतीत रेपोही तुमच्या कामाचा नाही. सोन्याचा भाव आपल्या सराफांच्या गुजरीत ठरत नाही आणि मुंबईतही ठरत नाही. तो जगाच्या बाजारात डॉलरमध्ये ठरतो. रेपो एक टक्का वाढवून तोळ्याचा भाव खाली येईल ही आशा सोडा. इथं हाती एकच दोरी उरते, ती म्हणजे तारणाच्या किमतीच्या किती टक्के कर्ज द्यायचं. बिगर-बँक कंपन्यांसाठी ही मर्यादा २०१२ मध्ये ६० टक्के होती, २०१४ मध्ये ७५ झाली. बँकांना २०२० च्या ऑगस्टपासून मार्च २०२१ पर्यंत ९० टक्क्यांची सूट होती. जून २०२५ च्या नव्या नियमांत अडीच लाखांपर्यंत ८५, पाच लाखांपर्यंत ८० आणि त्यावर ७५ टक्के.

या टक्केवारीत एक खोच आहे, ती नीट समजून घ्या. तोळा ६०,००० होता तेव्हा ७५ टक्क्यांनी ४५,००० रुपये मिळत. तोळा १ लाखाला गेला की त्याच बांगडीवर ७५,००० मिळतात. नियम तोच, टक्का तोच, कर्ज मात्र ३०,००० रुपयांनी वाढलं, आणि कर्जदाराचा पगार किंवा उसाचं बिल तेवढंच. भाव फुगतो तशी मर्यादाही फुगते. म्हणजे टक्केवारीची मर्यादा बँकेला वाचवते, तेजीला थांबवत नाही. तेजी थांबवायची असेल तर मर्यादा उत्पन्नाला बांधावी लागते, कारण उत्पन्न फुगत नाही. स्वीडननं टप्प्याटप्प्यानं हेच शिकून घेतलं: आधी २०१० मध्ये घराच्या किमतीच्या ८५ टक्क्यांची मर्यादा, मग २०१६ मध्ये मुद्दल फेडण्याची सक्ती, आणि २०१८ मध्ये उत्पन्नाच्या साडेचार पटीपेक्षा जास्त कर्ज असणाऱ्यांना आणखी जादा फेड.

आणि टक्केवारीची मर्यादा बँकेला वाचवते तेही हप्ता येत असेल तर. सोनेतारणात बहुधा वर्षअखेर एकदम फेडायचं असतं. ७५,००० वर १२ टक्क्यांनी वर्षानं ८४,००० होतात. भाव १ लाखावर थांबला तरी तुमचं कर्ज किमतीच्या ८४ टक्के झालं. भाव वीस टक्के उतरला तर तारण ८०,००० चं आणि येणं ८४,००० चं. नव्या नियमांत म्हणूनच एकरकमी फेडीच्या कर्जात मर्यादा मोजायची ती मुदतीअखेर येणं असलेल्या पूर्ण रकमेवर, आणि भाव धरायचा तो मागच्या तीस दिवसांची सरासरी किंवा आदल्या दिवसाचा, जो कमी असेल तो. २०१३ च्या एप्रिलमध्ये सोनं दोन दिवसांत कोसळलं तेव्हा हे शहाणपण नव्हतं. लिलाव करूनही पूर्ण येणं निघालं नाही अशी खाती मी स्वतः मिटवली आहेत.

प्लॉटचं मात्र वेगळं आहे, आणि इथं मी तुमची निराशा करणार. गृहकर्जाला मर्यादा आहेच: ३० लाखांपर्यंत ९० टक्के, ७५ लाखांपर्यंत ८०, त्यावर ७५. फ्लॅटचा भाव कर्जावर उभा असतो तिथं ती लागते. पण शिये-उचगावकडच्या मोकळ्या जागेच्या व्यवहारात बँकेचं कर्ज असतं किती? पैसा येतो उसाच्या बिलातून, विकलेल्या दुसऱ्या जमिनीतून, पुण्यातल्या किंवा परदेशातल्या मुलाकडून, आणि त्यातला काही कागदावर येतच नाही. जो भाव कर्जानं फुगलेला नाही तो कर्जाच्या साधनांनी उतरणार नाही, मग ते रेपो असो की रिस्क वेट. अशी तेजी फुटली तरी गुंतवणाऱ्याचे पैसे जातात, ठेवीदाराचे नाही, आणि मध्यवर्ती बँकेची खरी काळजी ठेवीदाराची असते. कर्ज आत शिरतं ते मागच्या दारानं. गृहकर्जाच्या अर्जाआधी दोन-तीन महिन्यांत घेतलेलं वैयक्तिक कर्ज सिबिल अहवालात दिसलं की समजा, स्वतःचे म्हणून दाखवलेले दहा-वीस टक्केही उसने आहेत. चालू गृहकर्जावरच मिळणारं जादा कर्ज, म्हणजे टॉप-अप, हे दुसरं दार. ऑगस्ट २०२४ मध्ये गव्हर्नरांनी टॉप-अपबद्दल जाहीरपणे सावध केलं ते उगाच नाही.

मग दर वाढवायचाच नाही का? वाढवायचा, जेव्हा तेजी एका कोपऱ्यात नसून घरभर असते आणि महागाईही सोबत असते. २००४ ते २००८ मध्ये तसं होतं. तेव्हा गृहकर्जाचा भार ५० वरून ७५ केला, व्यापारी बांधकाम कर्जाचा टप्प्याटप्प्यानं १०० वरून १५० वर नेला, चांगल्या कर्जांवरही जादा तरतूद करायला लावली, आणि त्याच काळात रेपोही ६ वरून ९ टक्क्यांपर्यंत चढवला. आम्ही शाखेतले लोक तेव्हाचे गव्हर्नर रेड्डी साहेबांच्या नावानं बोटं मोडायचो, खरं सांगतो. २००८ च्या नोव्हेंबरात जगभर पडझड सुरू असताना व्यापारी बांधकामावरचा भार पुन्हा १०० वर आणला आणि तरतूदही सैल केली, तेव्हा त्या साठवणीचा अर्थ कळला. दर खाली आणल्यानं पैसा स्वस्त होतो. भार खाली आणल्यानं बँकेला कर्ज द्यायला जागा मिळते, पण आधी तो चढवून ठेवला असेल तरच.

तुमच्या शाखेपुरतं म्हणाल तर परिपत्रकाची वाट बघू नका. टक्केवारीच्या जोडीला ग्रॅममागं रुपयांत एक कमाल मर्यादा ठरवा, ती तीन महिन्यांतून एकदाच बदला, आणि भाव चढला तरी मधल्या काळात हलवू नका. नूतनीकरणाला आलेल्या खात्यांत किती जणांनी पैसे भरून सोडवलं आणि किती जणांनी भाव वाढला म्हणून त्याच दागिन्यावर जादा उचल करून जुनं व्याज भागवलं, हे दोन आकडे वेगळे लिहा. दुसरा आकडा पहिल्याच्या पुढं गेला असेल, तर तुमच्या वसुलीचा दर सध्या कर्जदार ठरवत नाहीत, सोन्याचा भाव ठरवतोय.